एकच ‘पद्धती’, चार कामं

*मॅडम, माझ्या पीएच.डी.चा प्रस्ताव समितीने परत पाठवला. विषय आहे ‘विडी व्यवसाय सोडून गारमेंट उद्योगात गेलेल्या सोलापूर शहरातील महिलांच्या उत्पन्नावर झालेला परिणाम’. संशोधन पद्धतीत मी लिहिलं होतं, ‘प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक, विश्लेषणात्मक, सर्वेक्षण व मुलाखत पद्धतीचा अवलंब करण्यात येईल. यादृच्छिक नमुना निवडीने गारमेंटमधील 300 महिलांकडून प्रश्नावलीद्वारे माहिती संकलित करण्यात येईल.’ त्यावर शेरा एवढाच, ‘पद्धतीशास्त्र, पद्धती, आराखडा, तंत्र यांत गल्लत. पुन्हा सादर करा.’ मार्गदर्शक सर म्हणतात, दोन पानं वाढवून लिहा. पण नक्की काय वाढवू? — एक संशोधक विद्यार्थिनी, विडी घरकुल*

सध्या एक ओळही वाढवू नका. उलट त्या परिच्छेदातला ‘अवलंब’ हा शब्द आधी खोडा. तो शब्द आला की त्याच्या अलीकडे कितीही पद्धती ओळीने उभ्या करता येतात आणि कोणीच कोणाला विचारत नाही की बाबा, तू इथे कशाला आलास. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रस्तावात अशा सात पद्धती होत्या. त्यातली एक ‘ऐतिहासिक पद्धती’, कारण पहिल्या प्रकरणात तालुक्याचा इतिहास द्यायचा होता! आमच्या आधीच्या बॅचच्या प्रबंधात ती होती, म्हणून माझ्यातही आली.

या गल्लतीचा निम्मा दोष आपल्या भाषेतल्या सवयीचा आहे. पेपरचं नाव ‘संशोधन पद्धती’, सर्वेक्षण ही पद्धती, मुलाखत हीसुद्धा पद्धती आणि नमुना निवडायचा तर त्याचीही पद्धतीच. ‘आराखडा’ या शब्दाची गंमत तर वेगळीच. तुमची जी फाइल परत आली तिलाही आपण संशोधन आराखडा म्हणतो आणि इंग्रजीत ज्याला रिसर्च डिझाइन म्हणतात त्यालाही. ‘यात आराखडा कुठे आहे?’ असं विचारल्यावर एका मुलाने शांतपणे अख्खी फाइलच उचलून दाखवली होती. त्याचं काही चुकलं नव्हतं.

हे चार शब्द ओळखायला मी व्याख्या वापरत नाही. शब्द बदलून बघायचा आणि त्याच्याबरोबर काय काय हलतं ते पाहायचं, एवढंच करते. कागदावरच्या अनुसूचीऐवजी मोबाइलवर उत्तरं भरली, तर तुमच्या निष्कर्षाचा अर्थ बदलत नाही. ते तंत्र. घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारण्याऐवजी तुम्ही सहा महिने एका शिवणशाळेत बसून काम पाहिलं, तर हाती येणारी माहितीच वेगळ्या जातीची होते. ती पद्धती. आणि 300 जणी कोणत्या, त्यांची तुलना कोणाशी, एकदा भेटायचं की दोनदा, हे बदललं, तर काढता येणारा निष्कर्षच बदलतो. तो आराखडा. पद्धतीशास्त्र या तिघांच्या रांगेतलं चौथं नाव नाही. ही निवड का केली, तिच्या जोरावर काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, या युक्तिवादाला ते नाव आहे.

हे चारही सुटे सुटे दिसतील असं एक उदाहरण सांगते, मग तुमच्या 300 जणींकडे येऊ. 1854 मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. हा रोग पाण्यातून पसरतो असं डॉ. जॉन स्नो यांचं म्हणणं होतं, पण बहुतेकांना ते पटत नव्हतं. दक्षिण लंडनच्या बऱ्याच भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने गेलेले होते. एका घरात साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचं पाणी, तर शेजारच्या घरात लॅम्बेथचं. लॅम्बेथने 1852 मध्ये पाणी उपसायची जागा थेम्स नदीत वरच्या बाजूला, शहराच्या सांडपाण्यापलीकडे नेली होती. दुसरी कंपनी शहरातलंच घाण पाणी घेत होती. स्नोंनी कॉलऱ्याने गेलेल्यांचे पत्ते सरकारी मृत्युनोंदीतून मिळवले आणि घरोघर जाऊन त्या घरात कोणाचं पाणी येतं ते विचारलं.

पण भाडेकरूंना ते ठाऊकच नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा. मग स्नो त्या घरातलं थोडं पाणी कुपीत भरून न्यायचे आणि त्यात मीठ ओळखणारं सिल्व्हर नायट्रेट टाकायचे. शहरातल्या पाण्यात मीठ लॅम्बेथच्या सुमारे चाळीसपट होतं, त्यामुळे पाणी कोणत्या कंपनीचं ते लगेच कळायचं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू झाले होते आणि लॅम्बेथच्या 37.

यात सिल्व्हर नायट्रेट हे तंत्र. त्याऐवजी पाणीपट्टीची पावती मिळाली असती तरी चाललं असतं, आणि जिथे कंपनी कळत होती तिथे त्यांना कुपीची गरज पडलीही नाही. मृत्युनोंदी घेऊन घरोघर चौकशी करणं ही पद्धती. एकाच रस्त्यावरच्या, फक्त पाण्याने वेगळ्या पडलेल्या घरांची तुलना हा आराखडा. आणि ही तुलना का ग्राह्य धरायची, याबद्दल स्नोंनी जे लिहिलं ते पद्धतीशास्त्र: गरीब-श्रीमंत, मोठी घरं-लहान घरं सगळी दोन्ही कंपन्यांत मिसळलेली आहेत, तीन लाखांवर माणसं त्यांच्या नकळत दोन गटांत विभागली गेली आहेत, म्हणून फरक पडला तर तो पाण्याचाच. आता आराखडा बदलून पाहा. स्नोंनी फक्त साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचीच घरं घेतली असती, तर चौकशी तीच, रसायन तेच, आणि तरीही हाती काहीच लागलं नसतं.

तुमच्या प्रस्तावात नेमकं हेच झालंय. तुम्ही एकाच कंपनीची घरं घेतली आहेत. ज्या आज गारमेंटमध्ये आहेत त्या 300 जणींना विचारणार, की विडीपेक्षा इथे जास्त मिळतं का. त्यांतल्या बहुतेकजणी हो म्हणतील, कारण ज्यांना ‘नाही’ म्हणायचं होतं त्या परत विड्या वळायला बसल्या आहेत. तुम्ही विडी घरकुलातच राहता, तेव्हा अशा बायका माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतील. सहा महिने युनिफॉर्म शिवायला गेली, मूल आजारी पडलं किंवा सासूने नाकं मुरडली, आणि आली परत सुपापाशी. ती तुमच्या 300 मध्ये कधीच सापडणार नाही. नमुना कितीही यादृच्छिक घ्या, यादीतच नसलेली बाई त्यातून निघत नाही.

मग यादी कुठली धरायची? मला विचाराल तर आजच्या कामावरून बायका निवडूच नका. आधीच्या कामावरून निवडा. एक वस्ती घ्या, तिथल्या सलग 400 घरांची यादी करा आणि प्रत्येक घरात एकच चाळणी-प्रश्न विचारा: ‘पहिल्या लॉकडाऊनच्या आधी या घरात कोण कोण विड्या वळत होतं?’ लॉकडाऊन म्हणायचं, कारण ‘2020 च्या आधी’ म्हटलं की बायका बोटं मोजत बसतात, आणि मार्च 2020 सगळ्यांच्या डोक्यात पक्का आहे. त्यातून निघालेली प्रत्येक बाई तुमच्या अभ्यासात येते, मग ती आज कुठेही असो.

कल्पना करा, अशा 300 जणी मिळाल्या. (पुढचे आकडे मी हिशेब दाखवायला मनानेच घेतलेत, प्रस्तावात घालू नका.) 190 अजून विडीत, 60 गारमेंटमध्ये, 20 गारमेंटला जाऊन परत आलेल्या, 30 दोन्हीकडे नाहीत. गारमेंटमधल्या 60 जणींना तेव्हापेक्षा आज महिन्याला सरासरी 1,500 रुपये जास्त मिळतात. तुमच्या जुन्या प्रस्तावाने हाच आकडा ‘परिणाम’ म्हणून छापला असता. आता परत आलेल्या 20 जणी मिळवा. विडी कारखान्यातलं विड्या नोंदवायचं त्यांचं जुनं कार्ड गेलं, नव्याने लागल्या, आणि आज त्या तेव्हापेक्षा सरासरी 1,000 रुपयांनी मागे आहेत. म्हणजे गारमेंटचा रस्ता धरलेल्या 80 जणींचा हिशेब 90,000 वजा 20,000, भागिले 80. सरासरी वाढ उरली 875. पण तेवढ्या वर्षांत विडीची मजुरीही वाढलीच की. विडीतच राहिलेल्या 190 जणींना सरासरी 600 जास्त मिळतात असं धरू. ती वाढ काम न बदलताही मिळाली असती, म्हणून ती वजा करायची. राहिले 275.

1,500 चे 275 झाले आणि मधे एकही प्रश्न बदलला नाही, मुलाखतीचा कागदही तोच राहिला. आराखडा कशाला म्हणतात हे मी वर्गात असंच सांगते.

हे 275 सुद्धा निव्वळ कामबदलामुळेच, असं म्हणता येणार नाही. स्नोंच्या भाडेकरूंनी पाण्याची कंपनी निवडली नव्हती. तुमच्या बायकांनी काम निवडलंय. तरुण, मुलं मोठी झालेली, नजर शाबूत असलेली, नवऱ्याची आडकाठी नसलेली बाईच बहुधा घराबाहेर पडते, आणि ती विडीत राहिली असती तरी कदाचित चार पैसे जास्त कमावले असते. म्हणून वय, धाकट्या मुलाचं वय, शिक्षण, घरातली कमावती माणसं ही माहिती सगळ्या 300 जणींची घ्या आणि सारख्या परिस्थितीतल्या बायकांची आपसांत तुलना करा. तरीही काही फरक उरेल, तो मोजता येत नाही असं लिहा. हे लिहिलं की प्रस्ताव कमजोर होतो असं पुष्कळांना वाटतं. समितीत बसल्यावर मला तरी तेच वाक्य आधी वाचायला आवडतं.

आता उत्पन्नाबद्दल. हा तुमच्या विषयातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि तुमच्या प्रस्तावात त्यावर चकार शब्द नाही. विडीवाल्या बाईला ‘किती मिळतात?’ विचारलं की ती हजार विड्यांचा दर सांगते. तो दर म्हणजे उत्पन्न नाही. काल किती विड्या दिल्या, छाट म्हणून किती बाजूला काढल्या, मिळालेलं पान पुरलं की बाजारातून विकत आणावं लागलं, आठवड्यात किती दिवस माल मिळाला, हे सगळं धरल्यावर कुठे खरा आकडा कळतो. म्हणून ‘महिन्याला किती’ असं न विचारता ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारायचं आणि शक्य तिथे कार्डावरची नोंद पाहायची. हे झालं तंत्र. तंत्र गौण असतं असं कोणी समजू नये. ते ढिलं पडलं, तर आराखडा कितीही नेमका असला तरी त्यातून निघणारे 275 हवेतले असतात.

त्याच कार्डात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. कार्ड एका बाईचं, पण त्यावरच्या हजार विड्या तिने एकटीने वळलेल्या नसतात. सासू पानं कापते, शाळेतून आलेली मुलगी तोंडं मोडते, कधी जाऊबाई दोनशे वळून देते. गारमेंटमधला पगार मात्र तिच्या एकटीच्या हाताचा. म्हणजे तुम्ही एका घराच्या कमाईची तुलना एका माणसाच्या कमाईशी करणार आहात. हा प्रश्न तंत्राने सुटत नाही. विश्लेषणाचं एकक कोणतं, बाई की घर, ते तुम्हाला ठरवावं लागेल. बाई ठरवली, तर कार्डावरच्या विड्यांतला तिचा वाटा विचारावा लागेल. घर ठरवलं, तर ती शिवायला गेल्यावर सासू आणि मुलगी यांच्या हातांचं काय झालं तेही पाहावं लागेल. मी घर घेतलं असतं. तुमचं शीर्षक ‘महिलांच्या उत्पन्नावर’ म्हणतंय, तेव्हा तुम्ही बाई घेतलीत तरी माझी हरकत नाही. मात्र जे घ्याल त्याची कारणं लिहा. ती कारणं म्हणजेच पद्धतीशास्त्र. तत्त्वज्ञांच्या चार नावांनी तो भाग भरून काढण्यापेक्षा हे बरं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुस्तकं उघडल्यावर मला नावं ठेवाल. सर्वेक्षण ही पद्धती की आराखडा, यावर पाठ्यपुस्तकांचं एकमत नाही. काही जण त्याला आराखड्याचा प्रकार म्हणतात, काही पद्धती, आणि काही पुस्तकांत पद्धती आणि तंत्र हे शब्द सरळ एकमेकांच्या जागी येतात. तुमच्या मार्गदर्शकांच्या पुस्तकात जे असेल ते धरा, पण प्रस्तावभर एकच धरा. ‘वर्णनात्मक’ आणि ‘विश्लेषणात्मक’ हे दोन शब्द मात्र काढून टाकाच. पहिला संशोधनाचा हेतू सांगतो. त्यातही तुमच्या शीर्षकात ‘परिणाम’ आहे, तेव्हा नुसतं वर्णन करून तुमचं भागणार नाही. दुसरा तर काहीच सांगत नाही. विश्लेषण कोण करत नाही?

‘प्रश्नावली’ हा शब्दही बदला. प्रश्नावली उत्तर देणारी स्वतः वाचून भरते. तुम्ही विचारणार, बाई बोलणार, लिहिणार तुम्ही, म्हणून ती मुलाखत अनुसूची. तुमच्याकडे हा फरक शब्दापुरता नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी विडी कामगार बायका घरात तेलुगू बोलतात आणि मराठी छापील कागद त्यांच्या हाती दिला तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून भरून घेतात. उत्तरं त्या मुलीची येतात.

एवढं ठरलं, की तो परिच्छेद साधारण असा होईल. शब्द तुमचे घाला:

‘काम बदललेल्या व न बदललेल्या महिलांच्या उत्पन्नातील बदलाची तुलना हा या अभ्यासाचा आराखडा आहे. निवडलेल्या वस्तीतील सलग 400 घरांची यादी करून मार्च 2020 पूर्वी विडीकाम करणाऱ्या सर्व महिलांचा, त्यांचे आजचे काम कोणतेही असले तरी, समावेश केला जाईल. गारमेंटमधून परतलेल्या महिला काम बदललेल्या गटात मोजल्या जातील. माहिती घरोघर सर्वेक्षणाने घेतली जाईल. त्यासाठी मराठी व तेलुगू मुलाखत अनुसूची वापरली जाईल आणि आजच्या उत्पन्नासाठी गेल्या सात दिवसांचा हिशेब, तसेच उपलब्ध असल्यास कार्डावरील नोंद घेतली जाईल. काम बदलण्याचा निर्णय महिलांचा स्वतःचा असल्याने दोन गट मुळात सारखे नाहीत. वय, शिक्षण व मुलांचे वय यांनुसार तुलना केली तरी उरणारा फरक केवळ कामबदलाचा मानला जाणार नाही. 2020 पूर्वीचे उत्पन्न आठवणीवर आधारित असल्याने त्यातील चूक गृहीत धरली आहे.’

यात चारही गोष्टी आल्या आणि ‘पद्धती’ हा शब्द एकदाही आला नाही.

शेवटचं वाक्य विसरू नका. आठवणीतलं उत्पन्न हा या आराखड्याचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. गारमेंटमध्ये जम बसलेली बाई विडीचे दिवस होते त्याहून वाईट सांगते आणि परत आलेली ते गोड करून सांगते, त्यामुळे चूक दोघींच्या बाबतीत एकाच बाजूला झुकत नाही. यावर एक उपाय करून बघा. आधी पंधरा-वीस घरांत चाचणी घ्या आणि जिच्याकडे जुनं कार्ड जपलेलं असेल तिने सांगितलेला आकडा कार्डाशी ताडून पाहा. फरक थोडा निघाला तर पुढे जा. फार निघाला तर ‘तेव्हा किती मिळायचे’ हा प्रश्न सोडून ‘तेव्हा रोज किती विड्या व्हायच्या आणि आठवड्याला किती दिवस माल मिळायचा’ एवढंच विचारा आणि त्या काळचा दर कामगार संघटनेकडून घ्या. पैशांपेक्षा विड्यांचा आकडा बायकांना पक्का आठवतो, असा माझा अनुभव आहे.

सरांना दोन पानं हवीच असतील, तर या चाचणीत काय निघालं ते दुसऱ्या पानावर लिहा.